चढावर छाती भरून येणाऱ्या पेशंटची चिठ्ठी

प्रश्न: साताऱ्यात जनरल प्रॅक्टिस करतो. चालताना-चढताना छातीत त्रास होणारा पेशंट कार्डिओलॉजिस्टकडे पाठवताना मी 'चेस्ट पेन, इसीजी नॉर्मल, कृपया तपासून सल्ला द्यावा' एवढंच लिहितो. पेशंट कधी ट्रेडमिल नॉर्मल म्हणून गॅसच्या गोळ्या घेऊन परत येतो, कधी थेट अँजिओग्राफीचा सल्ला घेऊन. चिठ्ठीने खरंच काही फरक पडतो का? पडत असेल तर तिच्यात काय लिहावं?

उत्तर:

चिठ्ठी वाचून समोरचा डॉक्टर तीन गोष्टी ठरवतो. पेशंट आज बघायचा की आठ दिवसांनी, कोणती तपासणी करायची, आणि ती नॉर्मल आली तर तिच्यावर विश्वास ठेवायचा का. पहिल्या दोन गोष्टी बहुतेकांच्या लक्षात असतात, घोटाळा होतो तो तिसरीत. ट्रेडमिल ही काही फार पक्की तपासणी नाही. रक्तवाहिनीत खरोखर अडथळा असलेल्या साधारण तीन पेशंटांपैकी एक तिच्यावर निसटतो. म्हणून नॉर्मल रिपोर्टला किती किंमत द्यायची हे आधीच्या लक्षणांवरून ठरतं, आणि ती लक्षणं नीट विचारून घ्यायला वेळ आणि ओळख तुमच्याकडे असते. कार्डिओलॉजिस्टच्या ओपीडीत पेशंट दोन तास बाकावर बसलेला असतो. आत गेल्यावर 'आत्ता काही त्रास नाही डॉक्टर, मधूनमधून गॅस होतो' म्हणून मोकळा होतो. 'चेस्ट पेन' आणि 'गॅस' यांच्या जोडीला ट्रेडमिल नॉर्मल आली की गोळ्या मिळणारच.

लिहायला घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: या माणसाला चिठ्ठी द्यायची की १०८ बोलवायची. त्यासाठी तीन प्रश्न पुरतात. त्रास बसल्या जागी किंवा झोपेत झाला का? एखादा झटका पंधरा-वीस मिनिटांच्या वर टिकला का? गेल्या काही दिवसांत तोच त्रास कमी श्रमात, जास्त वेळा किंवा जास्त वेळ होऊ लागलाय का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर हा ओपीडीचा पेशंट नाही, तो आजच हॉस्पिटलात जायला हवा. इसीजी नॉर्मल असला तरी जायला हवा. गेल्या बारा तासांत त्रास झालाय आणि इसीजीत बदल दिसतोय, तर ॲम्ब्युलन्सच. अशा वेळी ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा सध्या कुठून रक्तस्राव नाही एवढं विचारून ३०० ते ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. वर लेप असलेली गोळी गिळली तर उशिरा विरघळते, म्हणून चावायला सांगायचं. मग फोन करा आणि चार ओळींची चिठ्ठी द्या: त्रास किती वाजता सुरू झाला, इसीजी किती वाजता काढला, काय दिलं आणि किती वाजता दिलं. दवाखान्यातल्या किटवर एकदा ट्रोपोनिन करून ते निगेटिव्ह आलं म्हणून माणसाला घरी पाठवू नका. त्रास सुरू झाल्यावर पहिले काही तास ते निगेटिव्हच असू शकतं.

यातलं काही नसेल तर आपण स्थिर स्वरूपाच्या त्रासाबद्दल बोलतोय, आणि खाली जे सांगतो ते त्याच पेशंटचं.

'दुखतं का?' हा प्रश्नच चुकीचा

आपल्याकडचा पेशंट या त्रासाला 'दुखणं' म्हणत नाही. तो म्हणतो छाती भरून येते, दडपण येतं, आवळल्यासारखं होतं, धाप लागते, जळजळतं, कोंडल्यागत होतं. 'छातीत दुखतं का?' विचारलं की तो सरळ मनाने 'नाही' म्हणतो आणि केसपेपरवर 'नो चेस्ट पेन' लिहिलं जातं. विचारायचं असं: 'चालताना, चढताना छातीत, गळ्यात, जबड्यात किंवा हातात काही होतं का?' होतं म्हणाला की 'कसं होतं, हाताने दाखवा.' अख्खा पंजा किंवा मूठ छातीच्या मधोमध ठेवली तर एक अर्थ. एका बोटाने एकच जागा दाखवली, ती दाबल्यावर दुखली, तर दुसरा. त्याने वापरलेला शब्द चिठ्ठीत मराठीतच, अवतरणात लिहा. बाकी पत्र इंग्रजीत असू दे, वाचणाऱ्याला मराठी येतं. 'छाती भरून येते'चं 'चेस्ट पेन' केलंत की त्यातली निम्मी माहिती गेली.

पुढचा प्रश्न, त्रास कशाने येतो आणि कशाने जातो. व्याख्या साधी आहे: छातीच्या मध्यभागी दडपण, श्रमाने किंवा ताणाने येणारं, आणि थांबल्यावर किंवा जिभेखालच्या गोळीने साधारण पाच मिनिटांत जाणारं. तिन्ही खुणा असल्या तर टिपिकल अँजायना, दोन असल्या तर अटिपिकल, एक किंवा एकही नसेल तर बहुधा हृदयाचं नाही. चिठ्ठीत नुसतं 'टिपिकल अँजायना' लिहून भागत नाही. तीन खुणा कशा आहेत तेही लिहा, म्हणजे तुमचा शिक्का वाचणाऱ्याला पडताळता येईल.

श्रम मोजायला पेशंटच्या रोजच्या वाटेइतकं चांगलं माप नाही. 'एक्झर्शनल' या शब्दातून काहीच कळत नाही. साताऱ्यातल्या 'चार भिंती'च्या चढावर कुठल्या वळणाला थांबावं लागतं, दुकानाचा जिना एका दमात चढता येतो का, पाण्याची कळशी घेऊन आणि मोकळ्या हाताने यात फरक पडतो का, हे विचारा. सपाटीवर आपल्या चालीने चालताना होतं का, हेही हवं. सपाटीवर शंभर-दोनशे मीटरमध्ये किंवा एक मजला चढतानाच होत असेल तर ती तीव्रतेची वरची पायरी झाली. त्या पेशंटला लवकर बघायला हवं, आणि असा जोरदार त्रास गेल्या दोन महिन्यांतच सुरू झाला असेल तर तो वर सांगितलेल्या हॉस्पिटलच्या रांगेत जातो. थंडीतली पहाट, वारा आणि जेवणानंतरची चाल यांनी त्रास लवकर येतो, तेही टिपा. त्या चढाचा समोरच्याला थेट उपयोग असतो. ट्रेडमिलच्या नेहमीच्या ब्रूस पद्धतीत पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर वेगाने १० टक्के चढ असतो, पुढची तीन मिनिटं ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्के. जो माणूस रोज चढावर चौथ्या मिनिटाला थांबतो, तो पट्ट्यावर साधारण कुठे थांबेल याचा अंदाज वाचणाऱ्याला आधीच येतो. आणि तो पट्ट्यावर काहीही न होता नऊ मिनिटं चालला, तर नेमकं काय जुळत नाही याचा विचार तो करेल.

ढेकराचं एक वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. 'ढेकर आला की मोकळं वाटतं', 'सोडा घेतला की बसतं' हे ऐकलं की आपणही गॅसकडे झुकतो. तेव्हा एवढंच विचारा: ढेकर आला तेव्हा तुम्ही चालत होता की थांबला होता? बहुतेक जण थांबलेले असतात. सोडा प्यायला टपरीवर उभं राहिलं की पाच मिनिटं विश्रांती आपोआप मिळते आणि श्रेय सोड्याला जातं. ॲसिडिटीला चढ आणि सपाटी यातला फरक कळत नाही. रोज त्याच वळणावर येणारा त्रास पोटाचा असण्याची शक्यता फार कमी.

बायकांमध्ये आणि जुन्या मधुमेहींमध्ये छातीचं काहीच नसून नुसता दम लागणं, जबडा किंवा दोन्ही हात जड होणं एवढंच असू शकतं. तिथेही नियम तोच: श्रमाने येतं, थांबलं की जातं, रोज तितक्याच श्रमाला येतं. असं असेल तर चिठ्ठीत 'दम' लिहा, पण तो कुठे लागतो आणि किती वेळात जातो तेही लिहा.

तपासताना दोन गोष्टी चुकवू नका

पहिली मर्मर. छातीच्या उजव्या बाजूला दुसऱ्या बरगडीखाली स्टेथोस्कोप ठेवा, मग मानेच्या दोन्ही बाजूंना. खरखरीत सिस्टोलिक मर्मर मानेकडे जात असेल तर महाधमनीची झडप आवळलेली असू शकते. झडप आवळल्यानेही चढावर अगदी असंच दडपण येतं, कधी चक्करही येते. झडप खूप आवळलेली आणि लक्षणं असलेल्या माणसाला ट्रेडमिलवर चढवायचं नसतं, त्याची इको आधी व्हायला हवी. जिभेखालच्या गोळीनेही त्याचं बीपी धाडकन उतरू शकतं. म्हणून 'मर्मर ऐकू येतो' किंवा 'मर्मर नाही' यातलं एक वाक्य चिठ्ठीत असलंच पाहिजे. काहीच लिहिलं नाही तर तुम्ही ऐकलंच नाही असा अर्थ होतो.

दुसरी, पापणीचा फिकेपणा. हिमोग्लोबिन ७ असलेल्या माणसाला रक्तवाहिन्यांत थोडासा अडथळा असला तरी चढावर छाती भरते. त्याला अँजिओग्राफीला पाठवण्याआधी रक्त कुठे जातंय ते बघायला हवं, आणि त्याच कारणाने ॲस्पिरिन सुरू करण्याआधी विचार करायला हवा. वजन उतरलंय, हात थरथरतात, नाडी शंभरच्या वर आहे असं दिसलं तर थायरॉइडही बघा. बाकी दोन्ही हातांचं बीपी, नाडीचा वेग आणि नियमितपणा, पायांवरची सूज, पायातल्या नाड्या, एवढं एका ओळीत येतं.

इसीजीचा कागद

विश्रांतीत काढलेला इसीजी अँजायनाच्या निम्म्या पेशंटांत नॉर्मल असतो. 'इसीजी नॉर्मल' हे वाक्य त्रास हृदयाचा नाही हे सिद्ध करत नाही, म्हणून ते चिठ्ठीच्या सुरुवातीला नको. ते वाचून वाचणारा नकळत निवांत होतो. त्याला खरं हवं असतं ते वेगळंच: काढताना त्रास चालू होता की नव्हता, तारीख आणि वेळ काय, जुना इसीजी आहे का. लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक असेल किंवा एसटी आधीच खाली असेल तर ट्रेडमिलवरचा आलेख वाचताच येत नाही आणि दुसरी तपासणी निवडावी लागते. त्यामुळे पट्टीची प्रत सोबत हवीच, तुमचा नुसता शेरा पुरत नाही.

प्रत म्हणजे झेरॉक्स. इसीजीचा थर्मल कागद उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा लॅमिनेशनमध्ये काळा पडतो, आणि नुसता ठेवला तरी काही महिन्यांत पुसट होतो. जुन्या इसीजीशी तुलना करायची वेळ येते तेव्हा नेमका तोच कोरा निघतो. काढल्या दिवशीच झेरॉक्स काढून पेशंटच्या फाइलला लावा, आणि कागद सपाट ठेवून मोबाइलवर फोटो घ्या. पेशंटचं नाव पट्टीवर पेनाने लिहा.

रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, साखर आणि लिपिड एवढं पुरे. यातलं क्रिएटिनिन सगळ्यात उपयोगी, कारण पुढे सीटी अँजिओग्राफी किंवा साधी अँजिओग्राफी झाली तर रंगद्रव्य मूत्रपिंडातून जाणार असतं, आणि मेटफॉर्मिन थांबवायचं का तेही त्यावरून ठरतं. पण लिपिडचा रिपोर्ट यायचाय म्हणून पेशंट थांबवून ठेवू नका. 'रिपोर्ट मागून पाठवतो' लिहून पाठवून द्या.

औषधं सुरू करायची, पण तारखेसकट

टिपिकल त्रास असेल, रक्तस्रावाची किंवा अल्सरची पूर्वकथा नसेल, तर ॲस्पिरिन ७५ आणि ॲटोर्व्हास्टॅटिन ४० तुम्हीच सुरू करू शकता. अपॉइंटमेंटपर्यंत वाट बघायचं कारण नाही. बीटा ब्लॉकरचा प्रश्न जरा नाजूक आहे. नाडी ८०-९० असेल, दमा नसेल, बीपी चांगलं असेल तर मेटोप्रोलॉल सक्सिनेट २५ ने पेशंटला आराम पडतो. पण त्याच गोळीवर ट्रेडमिल झाली तर नाडी वर जातच नाही, तपासणी अपुरी राहते आणि रिपोर्टवर 'निगेटिव्ह' छापून येतं. निदानासाठी ट्रेडमिल असेल तर ही गोळी सहसा एक-दोन दिवस आधी बंद ठेवतात. ती बंद करायची की नाही हे कार्डिओलॉजिस्टने सांगायचं. पेशंटने आपल्या मनाने एकदम बंद केली तर अँजायना उसळतो. म्हणून चिठ्ठीत गोळीचं नाव, मिलिग्रॅम आणि सुरू केल्याची तारीख हवी. नाव ब्रँडचं नको, औषधाचं. गावोगावी वेगळे ब्रँड असतात आणि जोड-गोळीत काय काय आहे हे पाकीट बघितल्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम देताना एक प्रश्न संकोच बाजूला ठेवून विचारा: सिल्डेनाफिल, टाडालाफिल यांसारखी गोळी घेता का? पहिलीनंतर २४ तास आणि दुसरीनंतर ४८ तास नायट्रेट द्यायचं नाही, बीपी जीवघेणं उतरू शकतं. बायको शेजारी बसलेली असताना हा प्रश्न विचारून खरं उत्तर मिळत नाही, तेवढं बघा. गोळी बसून घ्यायची, उभ्याने नाही. पाच मिनिटांत बसलं नाही तर १०८.

तंबाखूचा रकाना बहुतेक चिठ्ठ्यांत चुकतो. 'नॉन-स्मोकर' लिहिलेलं असतं आणि खिशात चुन्याची डबी असते. बाईच्या बाबतीत मिश्रीचा विषयच निघत नाही. बिडी, तंबाखू-चुना, गुटखा, मिश्री असं नाव घेऊन विचारा, आणि किती वर्षं तेही.

एक केस, दोन चिठ्ठ्या

५७ वर्षांचे किराणा दुकानदार, राहायला शहरातच. मधुमेह नऊ वर्षं, बीपी पाच वर्षं. सकाळी चार भिंतीपर्यंत फिरायला जातात. नेहमीची चिठ्ठी अशी गेली असती: 'चेस्ट पेन ऑन अँड ऑफ, मधुमेह, बीपी, इसीजी नॉर्मल, कृपया योग्य ते करावे.' या चिठ्ठीवर कोणताही निर्णय घेता येत नाही. वरचे प्रश्न विचारून तीच चिठ्ठी अशी होते. मराठीत देतोय, तुम्ही नेहमीसारखी इंग्रजीत लिहा:

> विनंती: नव्याने सुरू झालेला, श्रमाने येणारा, टिपिकल अँजायना, बसल्या जागी त्रास नाही. आठवड्याच्या आत तपासावे ही विनंती. कोरोनरी आजार आहे का आणि पुढची कोणती तपासणी करावी, याबद्दल मत हवे आहे.
>
> त्रास: पुरुष, ५७. सहा आठवड्यांपासून चार भिंतीचा चढ चढताना चौथ्या-पाचव्या मिनिटाला छातीच्या मधोमध दडपण. शब्द: 'छाती भरून येते, वर काहीतरी ठेवल्यागत'. मूठ ठेवून दाखवतात. डाव्या हातात कोपरापर्यंत जडपणा. थांबावेच लागते, उभे राहिल्यावर तीन-चार मिनिटांत पूर्ण जाते. बहुतेक रोज, त्याच वळणावर. थंडीच्या दिवशी थोडे आधी. सपाटीवर आपल्या चालीने, आणि सावकाश दोन मजले चढताना त्रास नाही. सहा आठवड्यांत श्रमाची मर्यादा कमी झालेली नाही. विश्रांतीत किंवा रात्री एकदाही नाही. दहा मिनिटांच्या वर कधी नाही. चक्कर, बेशुद्धी नाही. शेवटचा त्रास: काल सकाळी. ढेकर आल्यावर बरे वाटते म्हणतात, पण त्या वेळी थांबलेले असतात.
>
> जोखीम: मधुमेह ९ वर्षे, बीपी ५ वर्षे, तंबाखू-चुना ३० वर्षे (चालू), बिडी नाही. वडिलांचा ५२ व्या वर्षी हृदयविकाराने मृत्यू.
>
> तपासणी: नाडी ८४ नियमित. बीपी उजवा हात १४८/९०, डावा १४४/८८. फिकेपणा नाही. मर्मर नाही. फुप्फुसे स्वच्छ, पायांवर सूज नाही. पायांतील नाड्या लागतात.
>
> इसीजी (प्रत सोबत): त्रास नसताना काढलेला. सायनस, ८२. क्यू वेव्ह, एसटी-टी बदल, बंडल ब्लॉक यापैकी काही नाही. जुना इसीजी उपलब्ध नाही.
>
> रक्त: हिमोग्लोबिन १३.२, क्रिएटिनिन १.१, एचबीए१सी ८.१, एलडीएल १३८.
>
> औषधे: पूर्वीपासून मेटफॉर्मिन ५०० दोनदा, ग्लिमेपिराइड १, टेल्मिसार्टन ४०. आजपासून ॲस्पिरिन ७५, ॲटोर्व्हास्टॅटिन ४०, मेटोप्रोलॉल सक्सिनेट २५. लागल्यास आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट ५ जिभेखाली. ट्रेडमिल करणार असल्यास मेटोप्रोलॉल थांबवायचे का ते पेशंटला सांगावे. सिल्डेनाफिल वगैरे घेत नाहीत. औषधांची किंवा रंगद्रव्याची ॲलर्जी नाही. दमा, अल्सर, रक्तस्राव नाही. गुडघ्यांचा त्रास नाही, ट्रेडमिल चालू शकतील.
>
> पेशंटला सांगितलेले: त्रास हृदयाचा असण्याची दाट शक्यता आहे. तपासणी होईपर्यंत चढ बंद. बसल्या जागी त्रास झाल्यास अपॉइंटमेंटची वाट न बघता १०८. रेशनकार्ड आहे, मुलगा सोबत येईल.

दोन मिनिटांत वाचून होते. विनंती सगळ्यात वर आहे, कारण रिसेप्शनवरची मुलगी किंवा ज्युनिअर डॉक्टर पहिल्या दोन ओळीच वाचतात आणि तारीख त्यावरूनच देतात. यातलं सगळ्यात वजनदार वाक्य 'सहा आठवड्यांत श्रमाची मर्यादा कमी झालेली नाही' हे आहे. त्याजागी 'महिन्यापूर्वी वरच्या वळणावर, आता पायथ्याशीच' असं लिहावं लागलं असतं, तर बाकी सगळं तसंच असूनही हा पेशंट आठवड्याच्या रांगेत बसला नसता, त्याच दिवशी हॉस्पिटलात गेला असता. आणि मर्यादा कमी झाली का हे तुम्ही विचारलंच नाही, तर हा फरक कुणालाच कळत नाही.

चिठ्ठीत कुठली तपासणी करा हे मी लिहिलेलं नाही, आणि तुम्हीही 'अँजिओग्राफीसाठी पाठवत आहे' असं लिहू नका. अशा पेशंटला कोणी ट्रेडमिल करेल, कोणी इको आणि सीटी, कोणी लक्षणं इतकी स्पष्ट आहेत म्हणून थेट अँजिओग्राफी. ती निवड त्याच्या हातातल्या साधनांवर आणि अनुभवावर ठरते. पेशंटला मात्र आधीच सांगून ठेवा की यातलं काहीही होऊ शकतं. म्हणजे थेट अँजिओग्राफीचा सल्ला मिळाला तर तो 'त्यांनी पैशासाठी सांगितलं' म्हणत तुमच्याकडे परत येणार नाही.

रेशनकार्डाची ओळ कशाला, असं वाटेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास बसते, पण फक्त योजनेशी जोडलेल्या हॉस्पिटलात. अँजिओग्राफी एका ठिकाणी झाली आणि ते हॉस्पिटल योजनेत नाही असं टेबलावर कळलं, तर माणूस अर्ध्या उपचारावर कराड किंवा पुण्याला हलवावा लागतो. म्हणून ज्यांना खर्च झेपणार नाही त्यांना आधीच योजनेतल्या हॉस्पिटलात पाठवा, रेशनकार्ड-आधार सोबत न्यायला सांगा आणि तिथल्या आरोग्यमित्राला आधी भेटायला सांगा.

चिठ्ठी बंद पाकिटात नको. पेशंट ती मुलाला वाचायला देतोच. त्यात त्याला न सांगितलेलं काही असेल तर ते तिथे कळण्यापेक्षा तुमच्या टेबलावर कळलेलं बरं. एक प्रत स्वतःकडे ठेवा, त्यावर तुमचा मोबाइल नंबर असू दे. आणि अखेरीस एक ओळ: तपासणीत काय निघालं, कोणती औषधं किती दिवस आणि पुन्हा कधी दाखवायचं, हे लेखी कळवावे. स्टेंट पडला तर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या किती महिने चालवायच्या हा प्रश्न तुमच्याकडेच येणार असतो, आणि दाताच्या डॉक्टरने 'बंद करा' म्हटलं की पेशंट तुम्हालाच फोन करतो.

आता तुमचा तो पेशंट, ट्रेडमिल नॉर्मल म्हणून गॅसच्या गोळ्या घेऊन आलेला. त्याचा रिपोर्ट उघडून बघा: किती मिनिटं चालला, नाडी वयाच्या मानाने अपेक्षित कमालीच्या ८५ टक्क्यांपर्यंत गेली का, बीटा ब्लॉकर चालू होता का, आणि चालताना त्याला नेहमीचा त्रास झाला का. नाडी पुरेशी वर गेली नसेल तर ती तपासणी नॉर्मल नाही, अपुरी आहे. गेली असेल, पण चार भिंतीच्या त्याच वळणावर छाती अजून भरत असेल, तर गोळ्या देत बसू नका. पहिल्या चिठ्ठीची प्रत जोडून परत पाठवा, आणि वर लिहा: 'ट्रेडमिल निगेटिव्ह, तरीही त्याच श्रमाला तोच त्रास, थांबल्यावर तीन-चार मिनिटांत जातो. पुन्हा विचार व्हावा.' आणि त्या दिवशी स्वतः फोन करा.